मदत हवी आहे: बिल ऑफ एंट्रीवरचे रकाने आणि ड्युटी परताव्याच्या फॉर्ममधली भाषा समजावून सांगा

भोसरीचा_लेथ

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही ऑर्डरप्रमाणे खास मशीन बनवून देतो. जर्मनीहून बॉल स्क्रू मागवले होते, न्हावा शेवाला उतरले. २२ मे रोजी ड्युटी भरून माल सोडवला. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि सीएंच्या मुलाने फाइल लावताना विचारलं, "काका, ड्युटी एवढी जास्त कशी?" तेव्हा पहिल्यांदा ते बिल ऑफ एंट्री, म्हणजे ब्रोकरने कस्टम्सला दिलेला आयातीचा कागद, नीट वाचायला बसलो. माझं शिक्षण मराठीतून, मग आयटीआय. मशीनचं इंग्रजी कळतं, हे कळत नाही.

तीन ठिकाणी अडलोय.

पहिलं, वर मोठ्या अक्षरात "फॉर होम कन्झम्प्शन" लिहिलंय. माल कारखान्यासाठी आणला आणि ब्रोकरने घरगुती वापरासाठी म्हणून दाखवला का? यावरून उद्या नोटीस येईल का?

दुसरं, इन्व्हॉइसची रक्कम रुपयांत १८,००,००० होते, पण ज्यावर ड्युटी लावली ती असेसेबल व्हॅल्यू २१,८०,२५० दिसतेय. मधले ३,८०,२५० कुठून आले?

तिसरं, परताव्याच्या फॉर्ममध्ये "इन्सिडन्स ऑफ ड्यूटी हॅज नॉट बीन पास्ड ऑन" असं लिहून सही करायची आहे. मला वाटलं "ड्युटी पास झालेली नाही", म्हणजे मंजूर नाही. मग मी भरलेल्या ड्युटीबद्दल असं कसं लिहून देऊ?

माझ्या हिशेबाने १,०५,४६३ रुपये जास्त गेलेत. आमच्याकडे ही दोन मुलांच्या पगाराची रक्कम आहे.

चाकणकर_७७

दादा, घाबरू नका. मला ९८ टक्के परत मिळाले होते. जर्मन मशीन आलं, बसवलंच नाही, सील न उघडता परत पाठवलं आणि भरलेल्या ड्युटीतले ९८ टक्के खात्यात आले. कस्टम्स कायद्याचं कलम ७४ म्हणा ब्रोकरला. फक्त दोन वर्षांच्या आत.

भोसरीचा_लेथ

पण मी माल परत पाठवलेला नाही, दादा. स्क्रू मशीनमध्ये बसून गिऱ्हाइकाकडे गेलेसुद्धा.

चाकणकर_७७

अच्छा, मग माझी केस वेगळी. तो ड्रॉबॅक होता. सॉरी, घाईत वाचलं.

पिंपरी_ट्रेडर्स

सरळ आहे हो. ड्युटी भरल्यापासून एक वर्षाच्या आत कलम २७ खाली रिफंडचा अर्ज टाका, बीसीडी म्हणजे मूळ कस्टम्स ड्युटी, तिच्यावरचा सरचार्ज, आयातीवरचा आयजीएसटी, सगळं मागा. पुण्यातच कस्टम्सचं ऑफिस आहे, तिथे इनवर्ड करून पोच घ्या. तुमच्याकडे मेपर्यंत वेळ आहे.

न्हावाशेवा_रिटर्न

मी सव्वीस वर्षं क्लिअरिंगच्या धंद्यात होतो, आता निवृत्त, औंधला असतो. पिंपरीवाल्यांची एक वर्षाची मुदत बरोबर आहे. बाकीच्या तीन गोष्टी तशाच केल्यात तर अर्ज परत येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

होम कन्झम्प्शनचा घराशी संबंध नाही. माल देशात वापरायला सोडवला, बंधित गोदामात ठेवला नाही, एवढाच अर्थ. गोदामात टाकला असता तर "वेअरहाउसिंग" छापून आलं असतं. कारखान्याचा माल याच बिलावर येतो, नोटिशीची काळजी नको.

आता ते ३,८०,२५०. तुमच्या बिलाच्या दुसऱ्या भागात व्हॅल्युएशनचा चौकोन आहे. तिथे `TERM`, `FREIGHT` आणि `INSURANCE` काय दिसतंय ते सांगा. तोवर माझा अंदाज लिहून ठेवतो: TERM पुढे एफओबी, म्हणजे जहाजभाडं आणि विमा न धरलेला भाव; फ्रेट ३,६०,००० आणि इन्शुरन्स २०,२५०.

भोसरीचा_लेथ

काका, तिन्ही तंतोतंत! कागद न बघता कसं ओळखलंत?

न्हावाशेवा_रिटर्न

१८ लाखांचे २० टक्के म्हणजे ३,६०,०००, आणि १.१२५ टक्के म्हणजे २०,२५०. कस्टम्सच्या व्हॅल्युएशन नियमांत असं आहे की माल एफओबी भावाचा असेल आणि खरं भाडं कळत नसेल तर २० टक्के धरायचे, विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के. खरं जहाजभाडं असं गोल टक्क्यांत कधी येत नाही. फ्रेट बरोबर २० टक्के दिसलं की समजायचं, कुणी कागद बघितला नाही, नियमाचा आकडा बसवला.

आता इन्व्हॉइस काढा आणि तळाशी डिलिव्हरीची अट काय लिहिली आहे ते बघा.

भोसरीचा_लेथ

तळाला बारीक अक्षरात जर्मनमध्ये एक ओळ आहे, `Lieferbedingungen: CIF Nhava Sheva`. बाकी सगळं इन्व्हॉइस इंग्रजीत आहे, ही एकच ओळ जर्मनमध्ये. मला तो कंपनीचा पत्ता वाटला होता.

न्हावाशेवा_रिटर्न

सापडलं. तो जर्मन शब्द म्हणजे माल पोचवण्याच्या अटी. सीआयएफ म्हणजे भाडं आणि विमा विकणाऱ्याने आधीच किमतीत धरलाय. ब्रोकरकडच्या मुलाने ती ओळ वाचली नाही, एफओबी टाकलं, आणि भाडं-विमा दुसऱ्यांदा चढला. तुमची खरी असेसेबल व्हॅल्यू १८,००,००० आहे.

बिलावर बीसीडीचा दर साडेसात टक्के असेल तर हिशेब असा. लागायला हवी होती १,३५,०००, लागली १,६३,५१९. फरक २८,५१९. त्यावर दहा टक्क्यांचा समाजकल्याण सरचार्ज, त्याचा फरक २,८५२. दोन्ही मिळून ३१,३७१. तुमच्या १,०५,४६३ मधले उरलेले ७४,०९२ म्हणजे आयजीएसटी. त्याचं क्रेडिट घेतलंय का?

भोसरीचा_लेथ

हो. जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या तक्त्यात आलं आणि जूनमध्येच वापरलं.

न्हावाशेवा_रिटर्न

मग ते ७४,०९२ तुम्हाला मिळून चुकलेत. पुन्हा मागितलेत तर एकच पैसा दोनदा मागितल्यासारखं होईल. अर्जात स्पष्ट लिहा की दावा फक्त बीसीडी आणि सरचार्जचा आहे, आयजीएसटीचं क्रेडिट घेतल्यामुळे तो मागत नाही. हे वाक्य नसेल तर तिथला अधिकारी हमखास त्यावरच अडतो.

भोसरीचा_लेथ

म्हणजे एक लाखाचे एकतीस हजार झाले. ठीक आहे, जे आपलं आहे तेवढंच मागू.

न्हावाशेवा_रिटर्न

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसता रिफंडचा अर्ज टाकून चालत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटीसी लिमिटेडच्या खटल्यात सांगितलं की बिलावरची आकारणी बदलून घेतल्याशिवाय परतावा देता येणार नाही, आणि ती आकारणी आयातदाराने स्वतः केलेली असली तरी. आपल्याकडे आज बहुतेक बिलं स्वतःच्याच आकारणीवर जातात, म्हणून हे सगळ्यांना लागतं. परताव्याचा अधिकारी बिल बघतो. बिल एफओबी म्हणत असेल तर त्याच्या लेखी तुम्ही बरोबर ड्युटी भरली आहे.

म्हणून आधी कलम १४९ खाली बिलात दुरुस्ती मागायची. अट एकच: पुरावा माल सुटला त्या दिवशी अस्तित्वात असलेला हवा. आज जर्मनीहून पत्र मागवून उपयोग नाही. मूळ इन्व्हॉइस, जहाज कंपनीच्या पावतीवरचा, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवरचा, भाडं आधीच भरल्याचा "फ्रेट प्रीपेड" शिक्का, जुनी ऑर्डर आणि बँकेने १८ लाखच पाठवल्याचा कागद, हे चार लावा. आणि हे सगळं न्हावा शेवाच्या कस्टम हाऊसला. ड्युटी जिथे भरली तिथेच अर्ज, पुण्यात नाही.

पिंपरी_ट्रेडर्स

मान्य काका, पुण्याचं माझं चुकलं. आमचा माल लोहगाव विमानतळावर उतरायचा, म्हणून आम्ही इथे द्यायचो. पण दुरुस्तीला चार महिने लागले आणि वर्ष उलटलं तर?

न्हावाशेवा_रिटर्न

म्हणूनच दुरुस्तीच्या अर्जाची पोच मिळाली की २१ मेच्या आत रिफंडचा अर्जसुद्धा टाकायचा आणि त्यात "दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित" असं लिहायचं. काही अधिकारी अकाली म्हणून परत करतात, पण तारीख नोंदली जाते. मुदत दुरुस्तीच्या आदेशापासून मोजावी असा युक्तिवाद वकील करतात. त्यावर विसंबून मे जाऊ देऊ नका.

आयात_शिकतोय

पण आता नवीन कलम १८अ आलंय ना? २०२५ च्या वित्त कायद्यातलं. माल सुटल्यावर आयातदाराने स्वतः एंट्री बदलायची आणि परतावा निघाला तर तीच विनंती रिफंडचा अर्ज धरतात. मग दोन अर्जांची कटकट कशाला?

न्हावाशेवा_रिटर्न

वाचलंय, चांगली सोय आहे. पण यांचा माल मे महिन्यात सुटलाय, कलम अमलात येण्याआधी. जुन्या बिलांना ते लावून देतील का यावर माझ्या ओळखीच्या दोन ब्रोकरांची दोन मतं आहेत. मी असतो तर १४९ चा रस्ता धरला असता.

आयात_शिकतोय

मला तरी लागू व्हावं असं वाटतं. आमच्या ब्रोकरला विचारतो.

हिशेबनीस_ताई

भोसरीकर दादा, तुमचा तिसरा प्रश्न राहिलाच. मी सीए आहे, कर्वेनगरला. "पास्ड ऑन" म्हणजे मंजूर नव्हे. "या ड्युटीचा भार मी दुसऱ्या कुणावर ढकललेला नाही", असं ते वाक्य आहे. कायदा आधीपासून धरून चालतो की तुम्ही तो भार किमतीत घालून गिऱ्हाइकाकडून वसूल केला. तसं नाही हे दाखवायचं काम तुमचं. दाखवता आलं नाही तर परतावा मंजूर होऊनही पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात, तुमच्या खात्यात नाही.

भोसरीचा_लेथ

ताई, मशीनचा भाव ऑर्डरमध्ये माल येण्याआधीच ठरला होता. आणि स्क्रू मी विकले नाहीत, मशीनमध्ये बसवले. एवढं पुरेल ना?

हिशेबनीस_ताई

आधी ठरलेला भाव उपयोगी आहे, ती ऑर्डर जपून ठेवा. पण स्वतःच्या मशीनमध्ये वापरला म्हणून भार ढकलला नाही, हे सुप्रीम कोर्टाने मानलेलं नाही. शेवटी बघतात ते वह्या. ते ३१,३७१ तुम्ही कच्च्या मालाच्या खर्चात टाकलेत का?

भोसरीचा_लेथ

सगळी ड्युटी खरेदीतच टाकली आहे.

हिशेबनीस_ताई

मग तिथेच अडचण येईल. खर्चात टाकलं म्हणजे किमतीत घेतलं, असंच अधिकारी म्हणतो. तुमचं वर्ष ३१ मार्चला बंद होतंय, अजून महिना आहे. सीएंना सांगून ती रक्कम खरेदीतून काढा आणि "कस्टम्सकडून येणे" म्हणून ताळेबंदात येणे बाजूला दाखवा. मग ते जे प्रमाणपत्र देतील त्याला वहीचा आधार राहील. ताळेबंद बंद झाल्यावर आलेल्या एका गिऱ्हाइकाचं असंच अडकलंय, अजून अपिलात आहे.

भोसरीचा_लेथ

आत्ताच सीएंना फोन केला, नोंद उद्या बदलतो म्हणाले. बिल ऑफ लेडिंगचा फोटो मोबाइलमध्ये सापडला, कोपऱ्यात निळा शिक्का आहे, "फ्रेट प्रीपेड". ब्रोकर आधी म्हणाला एवढ्या रकमेसाठी कशाला, मग १४९ चा अर्ज सोमवारी टाकतो म्हणाला. काका, तो अर्ज टाकण्याआधी मसुदा तुम्हाला दाखवला तर चालेल का? मला इंग्रजीतला एक शब्दही न समजता सही करायची नाही.

न्हावाशेवा_रिटर्न

पाठवा. आणि त्याने "क्लेरिकल एरर" असं लिहून कलम १५४ लावलं असेल तर ते खोडायला सांगा, ते सहसा अधिकाऱ्याच्या हातून झालेल्या लेखनचुकीसाठी वापरतात. तुमची चूक एंट्रीतली आहे.