शब्दचर्चा: ‘निषिद्ध’ पट्टा म्हणायचं की नुसती फट?

सुरसागरकाठची
मंडळी, एक अडचण आहे. भाची मिरजेला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला स्फटिकाचं ते क्रोनिग-पेनी मॉडेल मराठीत समजावून हवंय, म्हणून मी बसून चार पानं लिहिली. फिजिक्स सोडून 32 वर्षं झाली, पण हौस. पहिलंच वाक्य असं लिहिलं की ‘इलेक्ट्रॉनपुढे नियतकालिक चौरस अडथळ्यांची रांग असते’. तिचा लगेच फोन, मावशी नियतकालिक म्हणजे मासिक ना गं, इलेक्ट्रॉन दिवाळी अंक वाचतो का? ते ‘आवर्ती’ करून टाकलं. पण ‘चौरस’वर अडलेय, आकृतीत तर तो चौरस दिसतच नाही. आणि ज्या ऊर्जा चालत नाहीत त्या भागाला ‘निषिद्ध पट्टा’ लिहिलंय, ते बरोबर वाटतं का? दोन्ही सांगा, रविवारपर्यंत पाठवायचंय.

तात्या मांडवीवाले
चौरस हा चतुरस्र वरून आला. चतुर् अधिक अस्र, म्हणजे चार कोपरे असलेला, बाजू सारख्याच पाहिजेत असं मुळात काही नाही. आपण ‘चौरस आहार’ म्हणतो तेव्हा काय ताटाच्या बाजू मोजतो? बिनधास्त चौरस लिहा.

निवृत्त मास्तर
तात्या, व्युत्पत्ती शंभर टक्के मान्य, पण पोरं चौरस वाचलं की बाजू मोजायला घेतात. मी शिकवताना पाहिलंय, एकाने अडथळ्याची जाडी आणि उंची सारखी धरून गणित सोडवलं होतं. आता आकृतीत आडवी बाजू अँगस्ट्रॉममध्ये आणि उभी बाजू इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, त्या सारख्या कशा होणार? सांगायचं एवढंच असतं की कडा सरळ उभ्या आणि माथा सपाट. खऱ्या स्फटिकात अणूजवळचा खड्डा असा सुताराने तासल्यासारखा नसतोच, पण सपाट धरला की प्रत्येक तुकड्यात समीकरण कागदावर सुटतं, म्हणून 1931 मध्ये त्या दोघांनी तसा घेतला. मी ‘सपाट माथ्याचे अडथळे’ म्हणेन.

गोत्री रोड
अडथळ्यांची रांग म्हटल्यावर मला आमच्या सोसायटीसमोरचे बंप आठवले. सात आहेत, ओळीने, सारख्या अंतरावर. ॲक्टिव्हा एका ठराविक स्पीडला नेली की असे हादरे बसतात की मणका निखळतो, आणि जरा कमी-जास्त केली की आरामात निघते. तक्रार केली तर म्हणाले रबरी बंप बसवू. दोन वर्षं झाली. तुमचं पण असंच असेल ने?

अलकापुरीचा इंजिनिअर
काका तुमचा बंप वेगळा विषय आहे 🙂 ताई, निषिद्धमध्ये कन्फ्युजन काहीच नाही. अडथळ्याची जेवढी उंची, त्याच्या खालची ऊर्जा असेल तर इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊ शकत नाही, ती निषिद्ध. वरची असेल तर जाऊ शकतो, ती अनुमत. भिंतीवरून उडी मारण्यासारखं सिंपल आहे.

निवृत्त मास्तर
इंजिनिअरसाहेब, नाही हो. अर्धं पुंजयांत्रिकीचं आणि अर्धं शाळेतलं असं मिसळलंय. अडथळ्याच्या खालच्या ऊर्जेतही अनुमत पट्टे असतात, कारण लाट अडथळ्यातून झिरपते, आणि अडथळ्याच्या वरच्या ऊर्जेतही निषिद्ध भाग असतात, साधारणपणे वर जाल तसे बारीक होत जातात. तुमच्या हिशोबाने एकच सीमा आली असती, खाली सगळं बंद आणि वर सगळं उघडं. मग पट्टे आलेच कुठून?

सोपं करायला क्रोनिग-पेनींनी अडथळे खूप उंच आणि खूप पातळ केले, पण उंची गुणिले जाडी तेवढीच ठेवून. त्या गुणाकाराचं माप म्हणजे P. तेव्हा सगळी अट एका ओळीत मावते:

```
cos(ka) = cos(x) + P·sin(x)/x ,   x = αa
```

a म्हणजे दोन अडथळ्यांमधलं अंतर, k म्हणजे 2π भागिले इलेक्ट्रॉनच्या लाटेची लांबी, आणि x ऊर्जेवरून ठरतो, ऊर्जा x च्या वर्गाच्या प्रमाणात. डावीकडे कोसाइन आहे, तो 1 च्या वर आणि उणे 1 च्या खाली जात नाही. उजवी बाजू मात्र मोकाट आहे. ती या दोघांच्या बाहेर गेली की त्या ऊर्जेला खरा k मिळतच नाही. निषिद्ध म्हणतात ते एवढंच. इथे अडथळे अनंत उंच आहेत, म्हणजे तुमच्या नियमाने सगळंच बंद व्हायला हवं होतं, तरी पट्टे येतात.

सुरसागरकाठची
मास्तर, एखादं उदाहरण आकड्यांत सांगाल का, तिला तेच हवंय.

निवृत्त मास्तर
P = 3π/2 घ्या, गणित देखणं येतं. x = π/2 ठेवा. कोसाइन शून्य, साइन 1, म्हणजे उजवी बाजू 3π/2 भागिले π/2, बरोबर 3. कोसाइन 3 कधीच होत नाही, ही ऊर्जा बाद. पुढे सरका, x साधारण 2.25 ला उजवी बाजू 1 वर उतरते, तिथे पहिला पट्टा उघडतो. x = π ला ती उणे 1, पट्टा संपला. मग खाली बुडते आणि x = 3π/2 ला पुन्हा नेमकी उणे 1 होते, कारण तिथे कोसाइन शून्य आणि दुसरं पद उणे 1. म्हणजे π पासून 3π/2 पर्यंत काही नाही, तिथून 2π पर्यंत दुसरा पट्टा. a जर 5 अँगस्ट्रॉम धरला तर पहिला पट्टा 0.77 ते 1.50 इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि दुसरा 3.38 पासून सुरू. मधले 1.88 रिकामे.

अलकापुरीचा इंजिनिअर
ओके, म्हणजे उंचीचा प्रश्न नाही. पण मग ‘निषिद्ध’ शब्दच चुकीचा झाला ने? निषिद्ध म्हटलं की कुणीतरी मनाई केलीय, दारावर वॉचमन बसलाय असं वाटतं. इथे तर नुसतं उत्तर येत नाहीये. सरळ ‘फट’ म्हणा.

तात्या मांडवीवाले
फट दाराला असते, त्यातून झुरळ जातं. 1.88 म्हणे फट! आणि सगळे मॉडेल, स्पीड, सिंपल, कन्फ्युजन लिहिताय त्यांना एक सांगतो, आपल्या बडोद्यातच त्याच 1931 साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु’ निघाला. महाराजांनी कारभारासाठी शब्द घडवून घेतले, इंग्रजीवाचून अडलं नाही कुणाचं. त्याच वर्षी हे तुमचे दोघे अडथळे रचत होते.

अलकापुरीचा इंजिनिअर
तात्या तो कोश कचेरीच्या कामाचा, त्यात इलेक्ट्रॉन नाही सापडणार. आणि ‘पट्टा’ म्हणाल तर आमच्या ग्वाल्हेरच्या आत्याला तो जमिनीचाच वाटतो, सरकारकडून मिळतो तो. ती म्हणेल इलेक्ट्रॉनला पट्टा कुणी दिला, तहसीलदारानी?

तात्या मांडवीवाले
हसा. पण ‘निषिद्ध’ची व्युत्पत्ती पाहिलीत का कुणी? नि अधिक सिध्. हा सिद्धीतला सिध् नाही, दुसरा, सेधति म्हणजे हाकलतो, परतवतो. निषेध म्हणजे मुळात परतवून लावणं. मनाई हा पुढचा अर्थ. आता मास्तरांनी सांगावं की त्या भागात इलेक्ट्रॉनचं काय होतं.

निवृत्त मास्तर
तात्या, मी शब्दाच्या विरोधात लिहायला बसलो होतो, आता थांबलो. कारण खरंच परतवला जातो. ka = π म्हणजे लाटेची लांबी 2a. तेव्हा एका अडथळ्यावरून परत आलेली लाट आणि पुढच्यावरून परत आलेली लाट यांच्यात जाऊन-येऊन 2a चा फरक पडतो, म्हणजे बरोबर एक लाटलांबी, त्या एकमेकींना बळ देतात. तिसऱ्याची, चौथ्याची, सगळ्यांची परतीची लाट एका तालात येते. एकटा अडथळा थोडंच परतवतो, रांग मिळून सगळं परतवते. निषिद्ध भागातली लाट स्फटिकात शिरते पण प्रत्येक अडथळ्यामागे मावळत जाते. गोत्री रोडवाल्यांचा बंप तेवढ्यापुरता बरोबर आहे, अंतर आणि वेग जुळले की रांग त्रास देते. फक्त गाडीचा हादरा स्प्रिंगचा असतो, गाडी काही परत फिरत नाही.

गोत्री रोड
माझी एकदा फिरलीये परत, पण ते दूध आणायला विसरलो होतो म्हणून.

अलकापुरीचा इंजिनिअर
व्युत्पत्ती जुळली हा योगायोग झाला. आज मराठीत निषिद्ध ऐकल्यावर सेधति कुणाला आठवतं? एकादशीला कांदा निषिद्ध, तोच अर्थ डोक्यात येणार. भाचीला वाटणार त्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन जगात असूच शकत नाही.

निवृत्त मास्तर
हा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर मी तुमच्या बाजूने. ही अट अनंत रांगेची आहे. स्फटिक जिथे संपतो तिथे रांग तुटते, आणि मावळणारी लाट जी आत चालत नव्हती ती पृष्ठभागाला चिकटून राहू शकते. इगोर टॅम यांनी 1932 मध्ये याच मॉडेलचा अर्धा स्फटिक घेऊन दाखवलं की निषिद्ध भागात सुद्धा अवस्था बसू शकते. म्हणजे कांदा आत नाही चालत, ओट्यावर चालतो.

तात्या मांडवीवाले
ओट्यावरही नाही चालत. आमच्याकडे तरी.

सुरसागरकाठची
वाचतेय हं मी सगळं. भाचीला मास्तरांचे आकडे पाठवले. तिने कॅल्क्युलेटरवर x = 1.57 घालून काढलं, म्हणते 3 नाही येत, 1.08 येतं. मग 3.14 ठेवलं तरी 1.08, 4.71 ठेवलं तरी साधारण तेच. म्हणते मावशी यात पट्टाच नाही, सगळंच निषिद्ध आहे. मास्तर तुमचं चुकलं का?

निवृत्त मास्तर
कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे तिचा. x रेडियनमध्ये असतो. डिग्रीत घातलं की 1.57 अंश म्हणजे जवळजवळ शून्य कोन, कोसाइन 1 च्या आसपास, आणि साइन भागिले x प्रत्येक वेळी 0.0175 च्या घरात, त्याला 4.71 ने गुणलं की 0.08. म्हणून कुठेही जा, एकाच्या जरा वर. कुठलाही x ठेवला तरी उत्तर हलत नसेल तर आधी मोड बघायचा. रेडियनवर करून x = 3.14 परत ठेवायला सांगा, उणे 1 यायला हवं.

सुरसागरकाठची
आलं, उणे 1 आलं. थँक्यू मास्तर. आता तिचा मेसेज आलाय की कॉलेजच्या सरांनी ‘वर्जित ऊर्जा अंतराल’ लिहून दिलंय, तेच परीक्षेत लिहायचं.

तात्या मांडवीवाले
वर्जित! वृज् वरून. तो तर पूर्ण वेगळा धातू आहे, थांबा, जेवून येतो आणि लिहितो.

सुरसागरकाठची
या. पण तात्या, चौरस की सपाट माथ्याचे, तेवढं सांगून जेवायला बसा.