मदत हवी आहे: कोरिलेशन १ च्या वर कसं गेलं? (तीन शेअर, सहा महिने, हाताने गणित)

ताळेबंद_६२
तीन शेअरच्या मासिक परताव्यांवरून कोव्हेरियन्स आणि कोरिलेशनची मॅट्रिक्स वहीत मांडतोय. परतावे टक्क्यांत आहेत, सोपे जावेत म्हणून पूर्णांकात घेतले:

```
महिना   बँक   वित्त   औषध
१        ४     ६     -१
२       -२    -२      २
३        ३     ३      ०
४        ५     ७      १
५       -३    -१      ४
६       -१    -१      ०
सरासरी   १     २      १
```

प्रत्येक परताव्यातून त्या शेअरची सरासरी वजा केली. बँक आणि वित्त यांच्या फरकांचे गुणाकार करून बेरीज आली ६४. ती ५ ने भागून कोव्हेरियन्स १२.८. स्टँडर्ड डेव्हिएशन तेवढं शीटमधून STDEV.P ने काढलं: बँक ३.१०९, वित्त ३.५५९. भागाकार केला तर कोरिलेशन १.१५७! गुणाकार तीनदा तपासले. चूक सापडत नाहीये.

रोखेवाला
टक्के घेतलेत म्हणून. ४ च्या जागी ०.०४ लिहा, आकडे आपोआप १ च्या आत येतील.

मधलीओळ
रोखेवाला, टक्क्यांचा फरक पडतो, पण तो कोव्हेरियन्समध्ये. १२.८ चं ०.००१२८ होईल, म्हणजे दहा हजारपट लहान. कोरिलेशन काढताना खालचे दोन्ही आकडे प्रत्येकी शंभरपट लहान होतात, त्यामुळे भागाकार जागचा हलत नाही. दशांशात मांडलं तरी १.१५७ च येईल.

ताळेबंद, तुमचे गुणाकार बरोबर आहेत, भाजक दोन वापरले गेलेत. वर ५ ने भागलंत आणि STDEV.P आतून ६ ने भागतं. हे ओळखायला कर्णावरची घरं बघा. बँकेच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ५८, ५ ने भागून ११.६. तुमच्या पद्धतीने बँकेचं स्वतःशीच कोरिलेशन काढा: ११.६ भागिले ३.१०९ चा वर्ग, म्हणजे १.२. ते १ च यायला हवं. १.२ म्हणजे ६/५, चूक कुठली ते त्या आकड्यातच दिसतं.

कोरिलेशनसाठी भाजकाची गरजच नाही, तो वरखाली कटतो. बेरजाच वापरा. वर्गांच्या बेरजा बँक ५८, वित्त ७६, औषध १६. गुणाकारांच्या बेरजा बँक-वित्त ६४, बँक-औषध -२१, वित्त-औषध -१९. मग ६४ भागिले (५८ × ७६) चं वर्गमूळ = ०.९६४. तसंच बँक-औषध -०.६८९, वित्त-औषध -०.५४५.

ताळेबंद_६२
कर्ण काढलाच नव्हता, तिथे डोळे झाकून १ लिहिले होते! आता जुळलं. पण मग STDEV.S घेतलं असतं तर चाललं असतं?

मधलीओळ
हो, ३.४०६ आणि ३.८९९ आले असते, आणि उत्तर ०.९६४. उलटी गल्लत जास्त त्रासदायक. एक्सेलचं जुनं COVAR ६ ने भागतं आणि STDEV ५ ने. ते एकत्र वापरलं की ०.८०३ येतं. हा आकडा १ च्या आत असल्याने कुणाला शंका येत नाही. तिथेही कर्णच सांगतो, ०.८३३ दिसेल.

चांदणी_पुणे
माझ्याकडे एका शेअरचा एका महिन्यात -४९ टक्के परतावा दिसतोय आणि त्याचं कोरिलेशन सगळ्यांशी शून्याजवळ आलंय. हाच प्रकार का?

मधलीओळ
नाही, ते वेगळं. त्या महिन्यात १:१ बोनस किंवा शेअरचं विभाजन झालंय का बघा. भाव निम्मा होतो पण धारकाचं नुकसान होत नाही. समायोजित भाव घेऊन तो परतावा पुन्हा काढा. एवढा मोठा एकच फरक वर्ग झाल्यावर बाकी महिन्यांना झाकून टाकतो.

आडवीबेरीज
ताळेबंद, वहीतल्या गणितासाठी एक पडताळा. प्रत्येक महिन्याचे तिन्ही फरक आडवे मिळवा: ५, -६, २, ९, -४, -६. यांच्या वर्गांची बेरीज १९८. आता मॅट्रिक्सच्या नऊही घरांतल्या बेरजा मिळवा: ५८ + ७६ + १६ + २ × (६४ - २१ - १९) = १९८. एखाद्या गुणाकाराचं चिन्ह चुकलं तर इथे पकडलं जातं. भाजकाची गल्लत मात्र यात दिसत नाही. १९८ ला ९ ने आणि मग ५ ने भागलं की तिन्हींत समान पैसे घातल्यावरचा व्हेरियन्स मिळतो, ४.४. एकट्या बँकेचा ११.६ होता.

रोखेवाला
म्हणजे औषधाचा शेअर घातला की जोखीम खरंच एवढी उतरते?

आडवीबेरीज
या सहा महिन्यांत उतरली, एवढंच. सहाच जोड्या असताना ०.८११ पेक्षा लहान कोरिलेशन, चिन्ह कुठलंही असो, पाच टक्के पातळीवर शून्यापासून वेगळं धरता येत नाही. -०.६८९ त्यात बसतं.

मधलीओळ
३६ महिने घेतले तर ही मर्यादा ०.३३ च्या आसपास येते. पण तीन वर्षांत कंपनीचा धंदाच बदललेला असू शकतो, तेव्हा जुने महिने किती धरायचे यावर माझं मत ठाम नाही.

आडवीबेरीज
मी ६० च्या खाली जाणार नाही. यावर आपलं जमणार नाही.