लांब हस्तलिखिताचे तुकडे : कापायचे कुठे, जोडायचे कसे?

मूळ पोस्ट : लांब हस्तलिखिताच्या प्रतिमेचे सारख्या उंचीचे तुकडे करावेत आणि मजकूर उतरवून एकाखाली एक चिकटवावा, की काम झाले. तुकडे एकमेकांवर चढवण्याचा खटाटोप निरर्थक आहे.

बोरू : 'काम झाले' म्हणणाऱ्याने हे काम स्वतः केलेले दिसत नाही. माझ्या गुंडाळीची प्रतिमा २,४०० पिक्सेल रुंद आणि ४७,८८० पिक्सेल उंच होती. दर ओळीला १२० पिक्सेल, त्यांतले जेमतेम ३० मोकळे. ओळी एकच अंश चढत होत्या, पण तेवढ्याने रुंदीभरात ४२ पिक्सेलचा फरक पडतो; म्हणजे सरळ आडवा काप कुठेही घेतला तरी कोणाचे तरी उकार किंवा वेलांट्या छाटल्या जातातच. म्हणून मी ३,००० पिक्सेलचा तुकडा घेतला आणि पुढचा २,६४० पिक्सेलनंतर सुरू केला. तीन ओळी दोन्हींकडे आल्या, त्यामुळे काठावर चिरलेली ओळ शेजारी अखंड सापडली. एकूण १८ तुकडे झाले.

काटकसरी : म्हणजे १७ सांध्यांवर ५१ ओळी दोनदा वाचायच्या! आधी प्रतिमा सरळ करा, मोकळी पट्टी आपोआप मिळेल. शिवाय दोनदा आलेली ओळ मजकूर जुळवून उडवता येतेच.

बोरू : सरळ करण्याचा मुद्दा मान्य, परंतु लिहिणाऱ्याचा चढ शेवटपर्यंत एकसारखा राहत नाही. मजकूर जुळवून ओळ उडवणे मात्र घातक आहे. हिशेबात 'वरीलप्रमाणे' लागोपाठ दोनदा येते, आणि तुम्ही खरी नोंद उडवून बसता. त्याऐवजी जागा पाहा. चौथा तुकडा ७,९२० वर आणि पाचवा १०,५६० वर सुरू होतो. चौथ्यातली २,८४० वरची ओळ आणि पाचव्यातली २०० वरची ओळ, दोन्ही मूळ प्रतिमेत १०,७६० वरच येतात, म्हणून ती ओळ एकच. काठापासून जी प्रत अधिक दूर, ती ठेवावी, येथे पाचव्यातली.

जुनी वही : आमच्या आजोबांच्या रोजनिशीचे मी मोबाईलने नऊ फोटो काढले. प्रत्येक वेळी अंतर वेगळे पडले, तुमचे १०,७६० मी कोठून आणू? त्याहून मोठे दुःख असे, की टंकलेखकाने सगळ्या ओळी सलग करून टाकल्या. आता एक शब्द ताडायचा तर अख्खे पान चाळावे लागते.

काटकसरी : सलग करण्यात गैर काय? वाचक मजकूर वाचतो, ओळी मोजत बसत नाही.

जुनी वही : तुम्हांला ताडून पाहावे लागलेले नाही, म्हणून हे सुचते! ओळीअखेर तुटलेला शब्द त्याने दोन शब्द म्हणून लिहिला, आणि अस्तित्वातच नसलेल्या नातेवाइकाचा शोध आमच्या घरी महिनाभर चालला होता.

बोरू : दोघेही सांध्यापासून भरकटलात, तरी ओळी मोडू नयेत हे खरे. उतरवताना प्रत्येक ओळ वेगळीच ठेवावी. सलग प्रत नंतर काढता येते, उलटे होत नाही. परिच्छेदाचेही तसेच. तुकड्याची शेवटची ओळ समासापर्यंत भरलेली असेल, तर परिच्छेद तेथे संपला की पुढे चालू आहे, हे तिच्या खालच्या ओळीचा हाशिया पाहिल्याशिवाय ठरत नाही. तुकडा संपला म्हणून परिच्छेद तोडणे हीच सर्वांत सामान्य चूक. आणि वेगवेगळ्या फोटोंना माझा हिशेब लागू नाही, हे कबूल. तेथे दोन्हींकडच्या तीन ओळी सलग आणि क्रमाने जुळल्या तरच सांधा धरावा.

काटकसरी : बरे, ५१ ओळी दोनदा वाचतो. पण 'वरीलप्रमाणे' तीन ओळींत तिन्ही वेळा आले, तर फोटोवाल्यांनी काय करायचे, तेही सांगून टाका.

जुनी वही : आमच्या रोजनिशीत नेमके तेच आहे.