शब्दचर्चा: सूत 'तारण' आहे, 'निक्षेप' आहे की नुसतं 'ताब्यात'?

टॉवेलवाला:
अक्कलकोट रोडला आमचे माग आहेत. रंगाईला सूत बाहेर देतो. दोन लॉट दिले होते. पहिला रंगून परत आला, त्याचे १८,००० द्यायचे राहिलेत. दुसरा लॉट तयार आहे, त्याचं बिल २२,०००. आता रंगाईवाला म्हणतो, "४०,००० आणा, तोवर तुमचं सूत माझ्याकडे तारण आहे." चलन नव्याने छापायचंय म्हणून विचारतो, इथं 'तारण' हा शब्द बसतो का?

जुनी चावडी:
बसतो की. माल त्याच्याकडे, पैसे तुमच्याकडे. तारण म्हणा, गहाण म्हणा, एकच.

कोर्टरोड:
चावडीकाका, अर्धं बरोबर आहे. तारणात माल दुसऱ्याकडे जातो हे खरं, पण तो कर्जाची हमी म्हणून जातो. बाजार समितीत शेतकरी तूर ठेवून पैसे उचलतो, ते तारण. यांनी सूत दिलं ते रंगवायला. ठराविक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करायची आणि काम झालं की तीच वस्तू परत घ्यायची, याला कायद्याच्या मराठीत निक्षेप म्हणतात. पांढरं सूत लाल होऊन आलं तरी ते 'तेच सूत'. तारण हाही निक्षेपच, फक्त कारण वेगळं. १८७२च्या करार कायद्यात दोन्ही एकाच प्रकरणात आहेत.

शब्दवेडी:
पण 'निक्षेप' कोण बोलतं हो? 'ठेव' का नको?

कोर्टरोड:
ठेव म्हटलं की लोकांना बँक आठवते, आणि तिथंच घोटाळा होतो. बँकेत भरलेल्या नोटा बँकेच्या होतात, त्याच नोटा काही परत येत नाहीत. चलनावर सरळ 'रंगाईसाठी सोपवलेला माल' लिहा. 'ताब्यात दिला' एवढंच मात्र नको. तुमच्या मागावरच्या कामगाराच्या हातातही सूत असतं, पण कायद्याने ताबा तुमचाच राहतो. तो नुसता हाताळतो.

टॉवेलवाला:
मग फरक ओळखायचा कसा?

कोर्टरोड:
किल्ली कुणाकडे ते बघा. मद्रासचा १९३८चा एक निकाल आहे. बाईंनी जुने दागिने मोडून नवे करायला सोनाराकडे दिले. रोज संध्याकाळी त्या अर्धवट दागिने पेटीत घालून कुलूप लावायच्या आणि किल्ली घरी न्यायच्या. पेटी सोनाराच्याच खोलीत राहायची. एका रात्री चोरी झाली. कोर्टाने सोनाराला जबाबदार धरलं नाही, कारण संध्याकाळी माल बाईंकडे परत गेलेला होता. पेटी कुणाच्या छपराखाली आहे याने काही ठरलं नाही.

नीलमकाकू:
माझंही सोनंच अडकलंय. सोनेतारण कर्जाचे हप्ते थकले, आता लिलावाची नोटीस आली. मी किल्ली मागू का?

कोर्टरोड:
नाही काकू, तुमचं ते खरंखुरं तारण. कर्ज थकलं की वाजवी नोटीस देऊन त्यांना विकता येतं. पण प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे आणि थकल्यामुळे झालेला खर्च भरून सोनं सोडवता येतं. विकून जास्त आले तर वरचे पैसे तुमचे. कमी पडले तर उरलेलं देणं लागतं.

आता टॉवेलवाले. तारण नाही म्हणजे रंगाईवाल्याचा हक्कच नाही असं समजू नका. ज्या मालावर त्याने कसब आणि मेहनत घातली तो माल त्याच कामाची मजुरी मिळेपर्यंत तो अडवू शकतो. म्हणजे दुसरा लॉट २२,०००साठी. पहिला लॉट त्याने हातचा सोडला, तेव्हा १८,००० साठी अडवायचा हक्कही गेला. ते पैसे तुम्ही देणं लागताच, त्यासाठी तो दावा करू शकतो. 'मागचं बिल फिटेपर्यंत कोणताही माल अडवू' असा करार झाला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आणि अडवलेला माल त्याला विकता येत नाही. तारणाशी फरक तो इथं.

जुनी चावडी:
मग हातात काय उरलं बिचाऱ्याच्या? आम्ही तर नेहमी मागचं धरूनच अडवत आलो.

टॉवेलवाला:
अजून एक. काल बघायला गेलो तर छप्पर गळून चार बंडलांच्या लडी भिजलेल्या, लाल रंग पांढऱ्यावर उतरलेला. त्याच्या चलनावर खाली बारीक अक्षरात 'माल मालकाच्या जबाबदारीवर' असं आहे.

कोर्टरोड:
साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यायला हवी, आणि ती घेतली हे त्यानेच दाखवायचं. अचानक वादळाने पत्रा उडाला असता तर तो सुटला असता. तेच छप्पर आधीपासून गळत होतं का, त्याचं स्वतःचं सूत त्या दिवशी कुठं होतं, हे विचारा. लडींचे फोटो आजच काढा.

शब्दवेडी:
आणि ती बारीक ओळ?

कोर्टरोड:
२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हॉटेलच्या पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीचं प्रकरण आलं होतं. गाडी हॉटेलच्या माणसाकडे किल्लीसकट दिलेली होती. 'जबाबदारी मालकाची' अशी पावती असली तरी स्वतःच्या हलगर्जीपणातून हॉटेल सुटत नाही, असं ठरलं. रंगाईच्या चलनाला ते जसंच्या तसं लागू होईल का, यावर आमच्या बाररूममध्येच दोन मतं आहेत.

शब्दवेडी:
मला अजून 'अडवायच्या हक्का'ला शब्द हवाय. कोशात 'धारणाधिकार' आहे, पण तो ऐकून सरकारी नोकरीच आठवते.

जुनी चावडी:
'मजुरीपोटी रोखलेला माल'. आमच्या वडिलांच्या वहीत असंच लिहिलेलं असायचं.

टॉवेलवाला:
हेच छापतो. २२,००० घेऊन निघालोय, भिजलेल्या लडींचे वजा करायचे का ते तिथंच बोलतो.