रोजच्या अर्ध्या तासात आसने, प्राणायाम की ध्यान? (प्रश्न एलडीएलचा आहे)

सांजवारा: नमस्कार मंडळी. माझे वय 47 आहे. गेल्या महिन्यातील तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल 248, एचडीएल 42, ट्रायग्लिसराइड्स 190 आणि एलडीएल 168 असे आकडे आले. मधुमेह नाही, रक्तदाबही नाही. डॉक्टरांनी स्टॅटिन सुचवले आहे, मात्र तीन महिने थांबून पाहण्यास त्यांची हरकत नाही. मला सकाळी फक्त अर्धा तास मिळतो, हे आधीच सांगून ठेवतो. त्यात कशाला किती वेळ दिला असता एलडीएल उतरेल?

ब्राह्ममुहूर्त: अर्ध्या तासाने काहीही साधत नाही, दीड तास काढाच. मी रोज चाळीस मिनिटे केवळ कपालभाती करतो आणि अकरा महिन्यांत माझे कोलेस्टेरॉल 261 वरून 199 वर आले, तेही एकही गोळी न घेता.

जुनी वही: अनुलोम-विलोमाने माझा वरचा रक्तदाब उतरला, तेव्हा आपणही तेच करावे.

सांजवारा: आभार, पण मला रक्तदाब नाही.

मध्यलय: माझ्या मते ध्यानच सर्वांत उपयोगी, कारण ताणामुळे कॉर्टिसॉल वाढते, त्यातून चरबी वाढते आणि अखेर कोलेस्टेरॉल. मूळच शांत केले की पुढचे आपोआप होते.

नळी क्र. 7: मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मध्यलय यांची साखळी ऐकायला सुसंगत आहे, पण चाचण्यांत ती शेवटच्या कडीपर्यंत पोहोचलेली नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये ध्यानाचा आढावा घेतला, तेव्हा नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून त्याचा विचार करता येईल, एवढेच म्हटले. योगासने अंतर्भूत असलेल्या चाचण्यांचे चित्र अधिक बरे आहे. 2014 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांचे एलडीएल सरासरी 12 मिलिग्रॅमने अधिक उतरले, ट्रायग्लिसराइड्स सुमारे 26 ने. मात्र चालणे किंवा सायकल यांसारख्या व्यायामाशी तुलना केली, तेव्हा लक्षणीय फरक उरला नाही. शिवाय यांतील बऱ्याच चाचण्या लहान होत्या, आणि आपण योग करतो आहोत हे करणाऱ्याला ठाऊक असतेच, त्यामुळे तो खाण्याकडेही नकळत लक्ष देऊ लागतो.

आता आपला अहवाल पाहू. बहुतेक ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भागही वजा करायचा. 248 वजा 42 वजा 38, म्हणजे 168. समजा तीन महिन्यांनी एकूण 236, एचडीएल 43 आणि ट्रायग्लिसराइड्स 145 आले. घरात आनंद होईल, कारण एकूण आकडा 12 ने उतरला. पण हिशेब करा: 236 वजा 43 वजा 29, म्हणजे 164. एलडीएल अवघे 4 ने हलले. एकूण आकड्यातली घट मुख्यतः ट्रायग्लिसराइड्सची होती. आणि चारचा फरक तर काहीही न करता दोन तपासण्यांत पडतो. म्हणून आधी पुन्हा एकदा तपासणी करा, त्याबरोबर थायरॉइडही पाहून घ्या, कारण थायरॉइड मंद असले तरी एलडीएल वाढते. मग एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने काय झाले ते कळेल.

ब्राह्ममुहूर्त: आकडेमोड ठीक आहे, पण माझे 62 उतरले त्याचे काय?

नळी क्र. 7: वजन किती उतरले?

ब्राह्ममुहूर्त: नऊ किलो. पण तेही कपालभातीनेच.

नळी क्र. 7: रात्रीचे जेवण पूर्वीइतकेच होते का?

ब्राह्ममुहूर्त: ते मी त्याच सुमारास सोडले होते. त्याचा येथे संबंध नाही.

पायवाट: मी योग सुरू करताच तीन आठवड्यांत स्टॅटिन स्वतःहून बंद केले होते. पुढच्या तपासणीत एलडीएल जुन्या जागी, 171 वर. योगशिक्षक म्हणाले की शरीर शुद्ध होत असताना असे वर जातेच.

नळी क्र. 7: शुद्धी नव्हे, गोळी थांबल्याचा तो परिणाम आहे. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, म्हणून यकृत रक्तातले एलडीएल अधिक ओढून घेते. गोळी बंद झाली की काही आठवड्यांत हे ओढणे पूर्ववत होते. मध्यम मात्रेनेही एलडीएल साधारण 30 टक्के किंवा त्याहून अधिक उतरते. 168 वर ते पन्नासेक होतात. योगाच्या 12 शी तुलना आपणच करा.

मध्यलय: तरीही ध्यान सोडू नये, असे मला वाटते.

सांजवारा: सर्वांचे आभार. दीड तास मला जमणार नाही, आणि एका वेळी एकच बदल हेही मी ऐकणार नाही. पुन्हा तपासणी करून आकडा असाच आला, तर गोळी आणि योग एकाच दिवशी सुरू करीन. कोणाचे श्रेय किती हे मला कळणार नाही, पण मला प्रयोग करायचा नाही, आकडा उतरवायचा आहे. अर्ध्या तासात वीस मिनिटे सूर्यनमस्कार आणि उभ्याने करायची आसने, उरलेल्या दहात प्राणायाम. ध्यान बसमध्ये.

नळी क्र. 7: थायरॉइडची तपासणी मात्र गोळीआधीच करून घ्या.

जुनी वही: बसमध्ये अनुलोम-विलोमही करता येते.