डेटा अ‍ॅनालिस्टचे दोन रेझ्युमे, कोणाला बोलवाल?

पुणेरी_भरती: डिलिव्हरी कंपनीतली जागा आहे. जाहिरातीत कौशल्यं तीन: एसक्यूएल, पायथन (मशीन लर्निंग असल्यास उत्तम), पॉवर बीआय. कामं अशी: रोज सकाळी ९ पर्यंत विभागवार डिलिव्हरीचा रिपोर्ट, महिनाअखेरीला अकाउंट्सच्या आकड्यांशी ताळमेळ, आणि आधीपासून असलेले ६ डॅशबोर्ड सांभाळणं.

'अ'कडे तिन्ही शब्द आहेत. ग्राहक सोडून जाण्याचा अंदाज सांगणारं मॉडेल, अचूकता ९४ टक्के. "२५ हून अधिक डॅशबोर्ड बनवले". एसक्यूएल मात्र फक्त कौशल्यांच्या यादीत. 'ब' एमआयएस एक्झिक्युटिव्ह आहे, ३ वर्षं. एसक्यूएल सर्व्हरवर ४ गोदामांचा रोजचा साठा-रिपोर्ट, एक्सेलमध्ये हाताने ३ तास लागायचे ते स्टोअर्ड प्रोसीजरवर नेलं, शिवाय टॅली आणि सिस्टीममधली तफावत शोधणाऱ्या क्वेरी. डॅशबोर्ड टॅब्लोमध्ये, पायथन "बेसिक". पोर्टलच्या चाळणीत 'ब' गळाला. चाळणी बरोबर की चूक?

तर्कट: बरोबर. जाहिरातीत पॉवर बीआय लिहिलंय आणि त्याच्याकडे नाही, विषय संपला. आणि एसक्यूएल खरंच येत असेल तर रेझ्युमेत विंडो फंक्शन्स, सीटीई हे शब्द दिसतातच. 'ब'कडे तेही नाहीत.

ओळ_आणि_रकाना: आधी जाहिरातच नीट वाचा. तुम्ही दिलेल्या तीन कामांत मशीन लर्निंग कुठे आहे? एकाही कामाला मॉडेल लागत नाही. रोजचा रिपोर्ट आणि ताळमेळ ही दोन्ही कामं एसक्यूएलची. पायथन लागलंच तर कुरिअरवाल्यांकडून येणाऱ्या सीएसव्ही फाइली साफ करायला लागेल. तिथे पिनकोडच्या रकान्यात एखादा कप्पा रिकामा असला की पांडाज सगळा रकाना दशांशात वाचतं, 411038 चं 411038.0 होतं आणि मग तो पिनकोड कशालाच जुळत नाही. वाचतानाच तो रकाना मजकूर म्हणून घ्यायचा, हे कळण्याइतकं पायथन पुरे.

आता रेझ्युमे. 'ब'च्या ओळीत काम कुठलं, कुठल्या डेटावर, आधी कसं व्हायचं आणि नंतर काय बदललं, हे सगळं आहे. टॅलीशी तफावत शोधणं म्हणजे तुमचं महिनाअखेरीचं कामच की. 'अ'च्या एसक्यूएलला असं एकही काम चिकटलेलं नाही. विंडो फंक्शन्सचं नाव नाही म्हणून येत नाही असं धरू नका. कोर्स करून आलेला ते शब्द हमखास लिहितो, रोज वापरणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

त्या ९४ टक्क्यांबद्दलही विचारा. १०० पैकी ६ ग्राहक जात असतील तर "कोणीच जाणार नाही" एवढं म्हणणाऱ्या मॉडेलची अचूकताही ९४ च भरते. जाणाऱ्यांपैकी किती जण आधी पकडले, हा खरा आकडा, आणि तो रेझ्युमेत नाही.

नवखा_विश्लेषक: माझ्याकडे तिन्हींची सर्टिफिकेटं आहेत, नोकरीचा अनुभव नाही. मग पायथन सगळ्यात वर लिहू की एसक्यूएल?

ओळ_आणि_रकाना: विषय वेगळा आहे, पण थोडक्यात: ज्या जाहिरातीला पाठवताय तिच्या पहिल्या कामाला जे लागतं ते वर. आणि सर्टिफिकेटाच्या नावाऐवजी त्यात कुठल्या टेबलांवर कोणता प्रश्न सोडवला ते एका ओळीत लिहा.

तर्कट: पायथनचं मान्य. पण टॅब्लोवाला दोन आठवड्यांत पॉवर बीआय शिकतो हे नेहमीचं वाक्य फेकू नका. चार्ट कुठेही ओढता येतात हो, पॉवर बीआयची सूत्रं ज्यात लिहितात ते डॅक्स तसं नाही. CALCULATE मध्ये फिल्टर कुठून लागला हे कळलं नाही तर आकडा चुकतो आणि एरर काहीच येत नाही.

ओळ_आणि_रकाना: हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच मॅनेजरला विचारा, की ते ६ डॅशबोर्ड बांधणारा माणूस अजून कंपनीत आहे का. असेल तर सांभाळणं म्हणजे बहुतेक रिफ्रेश का अडला ते बघणं: मूळ टेबलातल्या रकान्याचं नाव बदललं, गेटवेचा पासवर्ड संपला, किंवा कोणाला तरी दिवसातून १२ वेळा रिफ्रेश हवाय आणि प्रो लायसन्सवर ८ च वेळा लावता येतो. हे टॅब्लोवाला निभावतो. तो माणूस गेला असेल आणि त्याने डॅक्समध्ये लिहिलेली मेझर कोणालाच वाचता येत नसतील, तर 'ब' अडकेल.

'अ'च्या २५ डॅशबोर्डांचंही तसंच. त्याचीही ३ वर्षं धरली तर २५ म्हणजे साधारण दीड महिन्याला एक. त्यातले आज किती कोणी उघडतं, हे विचारायला हवं.

गोदावरीकाठ: तुम्ही दोघं कागदावरच भांडताय. दोघांनाही बोलवा आणि ही क्वेरी समोर ठेवा. विचारा, अकाउंट्सपेक्षा बेरीज जास्त का येते?

```sql
SELECT o.region, SUM(o.amount)
FROM orders o
JOIN shipments s ON s.order_id = o.order_id
GROUP BY o.region;
```

दहा मिनिटांत कळतं.

तर्कट: यात काय, एका ऑर्डरची अनेक पार्सलं असतात म्हणून ओळी वाढल्या. SUM(DISTINCT o.amount) केलं की झालं.

गोदावरीकाठ: कारण बरोबर, उपाय चूक. एकाच विभागात १२०० रुपयांच्या दोन ऑर्डरी धरा. एक ३ पार्सलांत गेली, दुसरी १ मध्ये. खरी बेरीज २४००. वरची क्वेरी ४८०० देते, आणि तुमची १२००, कारण तिला दोन्ही १२०० एकच वाटतात. उलट ही चूक जास्त वाईट: आकडा फुगला की अकाउंट्सवाले लगेच ओरडतात, किरकोळ कमी आला तर महिनोन्‌महिने चालून जातो. पार्सलं आधी ऑर्डरवार गोळा करायची, मग जोडायचं. जी ऑर्डर अजून निघालेलीच नाही तीही या क्वेरीतून गळते. ते न विचारता सांगणारा उमेदवार सोडू नका.

तर्कट: हं. यात मीच नापास.

ओळ_आणि_रकाना: चाचणी उत्तम, पण ती बोलावलेल्यांसाठी. दीडशे अर्ज आले तर प्रत्येकासमोर क्वेरी कोण ठेवणार? आणि 'ब' तर तुमच्या टेबलापर्यंत पोचलाच नव्हता. त्यामुळे चाळणी लावायचीच तर एसक्यूएलवर लावा. पॉवर बीआयच्या जागी पॉवर बीआय किंवा टॅब्लो ठेवा, पायथन चाळणीतून काढा.

पुणेरी_भरती: मॅनेजरशी बोलले. मशीन लर्निंगची ओळ दुसऱ्या जागेच्या जुन्या जाहिरातीतून तशीच उतरली होती, ती काढली. आधीचा माणूस अडला तो महिनाअखेरीच्या ताळमेळातच. 'ब'ला गुरुवारी बोलावलंय, 'अ'लाही, क्वेरी दोघांना तीच. डॅशबोर्ड बांधणारी मुलगी मात्र नोटीस पिरियडवर आहे, २० दिवस उरलेत.

तर्कट: म्हणजे माझा डॅक्सचा प्रश्न जिवंत आहे.

ओळ_आणि_रकाना: आहे. ती जायच्या आत ६ डॅशबोर्डांतली सगळी मेझर आणि त्यांचा अर्थ एका फाइलीत लिहून घ्या. 'ब' घ्या नाहीतर 'अ', ती फाइल लागणारच.

गोदावरीकाठ: २० दिवसांत ती लिहील असं वाटतं तुम्हाला?