पेटी कॅशमधला १८० रुपयांचा फरक

> व्हाउचरचे फोटो खात्यांप्रमाणे लावले. बेरीज ७,४८०, हातात २,३४०. दहा हजारांना १८० कमी पडतात. शोधायचं कुठे?

१८० ला ९ ने भाग जातो, म्हणून आधी आकड्यांची अदलाबदल तपासा. ४२० चं व्हाउचर २४० असं टाइप झालं, तर नेमके १८० कमी पडतात. २०० आणि २० किंवा ५३० आणि ३५० अशा जोड्यांनीही तेच होतं. फोटो मोठा करून अक्षरी रक्कम वाचा. आकडा पुसट असला तरी अक्षरं सहसा लागतात.

तिथे सापडलं नाही तर व्हाउचर नंबर क्रमाने लावा. फोटोच्या क्रमावर जाऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तो हमखास उलटसुलट होतो. मधला नंबर गायब असेल तर फोटोच काढलेला नाही किंवा व्हाउचर रद्द झालंय. एकच नंबर दोनदा आला तर मात्र बेरीज दहा हजारांच्या वर जाते, म्हणजे तुमचा दोष तो नाही. उचल दिलेली आणि व्हाउचर न केलेलं, हेही कमी पडण्याचं नेहमीचं कारण. शिपायाला रिक्षाला दिलेले पैसे विचारून घ्या.

खाती बदलून उपयोग नाही. कुरिअरचं बिल स्टेशनरीत गेलं तरी एकूण बेरीज तीच राहते. एका व्हाउचरवर चहा आणि झेरॉक्स दोन्ही असतील तर दोन ओळी करा, पण दोन्हींना नंबर एकच ठेवा.

तरीही फरक उरला तर 'कॅश कमी' म्हणून वेगळं व्हाउचर करून साहेबांची सही घ्या. चहापाण्यात १८० मिसळू नका.